बायोप्सीत ‘पी१६ पॉझिटिव्ह’ : कॅन्सर रोखणारं प्रथिन वाढलं, तर काळजी कसली?

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापुरात बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी आत्या ४४ वर्षांची, गडहिंग्लजकडची. तिच्या पिशवीच्या तोंडाच्या तुकड्याच्या रिपोर्टमध्ये ‘एचएसआयएल, सीआयएन ३, पी१६ ब्लॉक पॉझिटिव्ह’ असं आलंय. आमच्या पुस्तकात पी१६ म्हणजे कॅन्सर रोखणारं प्रथिन. मग ते भरपूर असणं चांगलंच नाही का? आणि यात व्हायरस नेमकं काय करतो?

उत्तर :

तुमचं पुस्तकही बरोबर आहे आणि रिपोर्टही. रिपोर्टमधलं एचएसआयएल आणि सीआयएन ३ म्हणजे आवरणाच्या पेशींमधला, कॅन्सरच्या आधीचा गंभीर बदल. पी१६ पेशीचं विभाजन थांबवतं, पण थेट नाही. त्याचा आदेश अमलात आणायला आरबी नावाचं आणखी एक प्रथिन लागतं. आत्यांच्या त्या पेशींमध्ये व्हायरसने हे आरबीच संपवलेलं आहे. आदेश निघतोय, अंमल होत नाही, म्हणून पेशी आणखी आदेश काढते. पी१६चा स्टेन लावलेल्या स्लाइडवर आम्हा पॅथॉलॉजिस्टना तपकिरी रंग दिसतो, तो या न पाळलेल्या आदेशांचा साठा. तो साठा आजार घडवत नाही. आरबी गेल्याची ती खूण असते, आणि पिशवीच्या तोंडाशी आरबी जायचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं : एचपीव्ही, म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरस.

एक गोंधळ आधीच दूर करते, कारण डॉक्टरी शिकणारी मुलंसुद्धा त्यात अडकतात. पी१६मधला १६ आणि एचपीव्ही १६मधला १६ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पी१६ हे माणसाच्या पेशीचं स्वतःचं प्रथिन, वजन साधारण १६ किलोडाल्टन म्हणून ते नाव. एचपीव्ही १६ म्हणजे सोळावा क्रमांक मिळालेला व्हायरस, जो हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या जर्मनीतल्या गटाने १९८३ मध्ये वेगळा केला. पुढे २००८ मध्ये त्यांना याच कामासाठी नोबेल मिळालं. पी१६ पॉझिटिव्ह या शब्दांवरून एचपीव्हीचा प्रकार कळत नाही. तो १६ असेल, १८ असेल, ३१ किंवा ४५ही असेल.

आता व्हायरसकडे येऊ. त्याला आरबीशी वैर का, हे समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

एचपीव्हीचा डीएनए गोल असतो आणि जेमतेम आठ हजार अक्षरांचा. त्यात आठ-नऊ प्रथिनांपुरतीच माहिती मावते. डीएनएची नक्कल करणारं पॉलिमरेज त्यात नाही, नकलेसाठी लागणारा कच्चा माल तयार करणारी एन्झाइम्सही नाहीत. हे सगळं त्याला यजमान पेशीकडून घ्यावं लागतं. पण पेशी तरी ही सामग्री कायम तयार ठेवत नाही. विभाजन करायचं ठरलं की त्या थोड्या तासांपुरती ती काढते आणि काम झालं की आवरून टाकते.

गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या भागावरचं आवरण अनेक थरांचं असतं. सगळ्यात खालच्या थरातल्या पेशी विभाजित होतात. त्यांच्या लेकी वर सरकू लागल्या की विभाजन सोडतात, चपट्या होतात, ग्लायकोजेनने भरतात आणि शेवटी गळून पडतात. व्हायरस शिरतो तो एखाद्या बारीक ओरखड्यातून, तळाच्या थरात. नवे व्हायरस मात्र त्याला वरच्या थरात तयार करायचे असतात, कारण तिथून गळणाऱ्या पेशींसोबत ते बाहेर पडतात. पेशी फोडायची नाही, रक्तात उतरायचं नाही, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या नजरेतही फारसं यायचं नाही. मोठा धूर्त बेत. अडचण एवढीच की वरच्या थरातल्या पेशींनी विभाजनाचं काम केव्हाच बंद केलेलं असतं, त्यामुळे हवी ती सामग्री तिथे नसते. म्हणून काम सोडलेल्या पेशीला पुन्हा कामाला लावण्यासाठी व्हायरसजवळ दोन प्रथिनं आहेत, ई७ आणि ई६.

पहिलं ई७. एचपीव्ही १६चं ई७ फक्त ९८ अमिनो आम्लांचं आहे. स्वतः कुठलीही रासायनिक क्रिया घडवायची ताकद त्याच्यात नाही. ते फक्त चिकटतं, पण नेमकं जिथे चिकटायला हवं तिथे.

निरोगी पेशीत आरबी हे ई२एफ नावाच्या प्रथिनांना धरून ठेवतं. ई२एफ मोकळं झालं की डीएनए नकलेसाठी लागणारी झाडून सगळी जनुकं चालू होतात, पॉलिमरेज, सायक्लिन ई, सायक्लिन ए वगैरे. पेशीला वाढायचा संदेश बाहेरून आला की सायक्लिन डी तयार होतं, ते सीडीके४ आणि सीडीके६ या एन्झाइम्सना जागं करतं, ती आरबीवर फॉस्फेट चढवतात आणि फॉस्फेट चढलेलं आरबी ई२एफला सोडून देतं. पी१६चं काम इथे, या सीडीकेंना धरून बसण्याचं. सीडीके अडली की आरबीवर फॉस्फेट चढत नाही, ई२एफ अडकलेलं राहतं आणि पेशी थांबते. म्हणजे पी१६ची सगळी ताकद आरबी जागेवर असण्यावर अवलंबून आहे.

आपल्याकडचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा डोळ्यांसमोर आणा. खांबांच्या खाचांमध्ये बर्गे घातलेले असतात आणि त्यांच्यामागे पाणी अडलेलं असतं. आरबी म्हणजे हे बर्गे, ई२एफ म्हणजे अडलेलं पाणी. बर्गे काढणारी माणसं म्हणजे सीडीके, आणि ‘बर्गे काढू नका’ असं खात्याचं पत्र म्हणजे पी१६. आता रात्रीत कोणी बर्गेच चोरून नेले. पाणी वाहतंय म्हटल्यावर कचेरीला वाटतं, माणसं अजून बर्गे काढतायत. कचेरी पत्रामागून पत्र पाठवते. माणसं पत्र पाळून हात बांधून बसलेली आहेत, पण खाचा रिकाम्या आहेत. टेबलावर पत्रांचा ढीग साठतो आणि पाणी वाहतच राहतं.

ई७ नेमके बर्गे पळवतं. आरबीला एक खळगा आहे, तिथे पेशीची स्वतःची काही प्रथिनं एका छोट्याशा अमिनो आम्लांच्या क्रमाने चिकटतात. ई७ तोच क्रम अंगावर घेऊन येतं आणि त्या खळग्यात बसतं. ई२एफ सुटतं. एवढ्यावर एचपीव्ही १६चं ई७ थांबत नाही, ते पेशीची प्रथिनं मोडीत काढणारी यंत्रणा आरबीवर आणून सोडतं आणि आरबीचा चुरा होतो. आरबीच्या दोन भावंडांचीही, पी१०७ आणि पी१३०ची, हीच गत होते.

पी१६ वाढतं ते यानंतर, आणि त्यात दोन धागे एकत्र येतात. आरबी जागेवर असताना पी१६चं जनुक दबलेलं असतं, आरबी गेलं की तो दाब सरतो. शिवाय जनुक गप्प ठेवणाऱ्या हिस्टोनवरच्या रासायनिक खुणा पुसणारं एक एन्झाइम ई७मुळे वाढतं, आणि पी१६चं जनुक उघडं पडतं. पेशीच्या लेखी हा आणीबाणीचा इशारा आहे. बेफाम विभाजन चाललंय, थांबा, असं तिला सांगायचं असतं. आरबी शाबूत असलेल्या पेशीत एवढं पी१६ झालं असतं तर ती कायमची म्हातारी होऊन थांबली असती.

तुम्ही बायोटेकच्या, म्हणून यातून निघणारी एक गोष्ट सांगते, कारण ती समजली की हा सगळा मार्ग पक्का बसतो. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये पॅल्बोसायक्लिबसारख्या गोळ्या देतात. त्या सीडीके४ आणि ६ अडवतात, म्हणजे पी१६चंच काम करतात. मग पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला त्या का नाही चालत? कारण आरबी नसलेल्या पेशीत सीडीके अडवून उपयोग नाही. तिथे तर पेशीने स्वतःच ती आधीच अडवून ठेवलेली असतात.

आता ई६ कशाला, असं तुम्ही विचाराल. पेशी इतकी भोळी नसते. ई२एफ असं अवेळी सुटलं की एक दुसरी साखळी जागी होते आणि पी५३ साठू लागतं. पी५३ वाढलं की पेशी एक तर थांबते, नाही तर स्वतःला संपवते. म्हणजे नुसतं ई७ असतं, तर पेशी मेली असती आणि व्हायरसही तिच्याबरोबर गेला असता. म्हणून ई६ हवं. ई६सुद्धा स्वतः काही कापत नाही. ते पेशीचंच ई६एपी नावाचं एन्झाइम हाताशी धरतं, त्याला पी५३शी जोडून देतं, पी५३वर युबिक्विटिनचे तुकडे लागतात आणि प्रोटिएसोम ते गिळून टाकतो. एरवी ई६एपी पी५३च्या वाटेला जात नाही, ई६ आल्यावरच त्याला हे नवं काम लागतं. याशिवाय ई६ टेलोमरेज चालू करतं, त्यामुळे पेशीच्या विभाजनांना असणारी नैसर्गिक मर्यादाही उठते.

एक बारकावा इथेच लक्षात ठेवा. फुप्फुसाच्या किंवा आतड्याच्या कॅन्सरमध्ये पी५३च्या जनुकातच बिघाड सापडणं नेहमीचं. एचपीव्हीमुळे झालेल्या कॅन्सरमध्ये ते जनुक बहुधा ठणठणीत असतं. प्रथिन तयार होतं आणि लगेच मोडलं जातं, मग जनुक बिघडवायची गरजच काय? १९९१ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी प्रयोगशाळेत तपासल्या तेव्हा हाच फरक दिसला. एचपीव्ही असलेल्या पेशींमध्ये पी५३ आणि आरबीची जनुकं शाबूत होती, आणि एचपीव्ही नसलेल्या पेशींमध्ये ती बिघडलेली होती. दोन वाटा, मुक्काम एकच.

मग एचपीव्ही झालेल्या प्रत्येक बाईला कॅन्सर का होत नाही? बहुतेकींचा संसर्ग वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, हे एक. आणि साध्या संसर्गात ई६, ई७ थोड्या प्रमाणात, मोजक्या थरांत तयार होतात, हे दुसरं. व्हायरसचंच ई२ नावाचं प्रथिन त्यांच्या जनुकांवर दाब ठेवून असतं. अशा संसर्गाचा तुकडा बघितला तर वरच्या थरात केंद्रकाभोवती पांढरी पोकळी असलेल्या, सुरकुतलेल्या केंद्रकांच्या पेशी दिसतात. त्यांना आम्ही कॉयलोसाइट म्हणतो. तिथे व्हायरसचं उत्पादन व्यवस्थित चाललेलं असतं. रिपोर्टमध्ये याला एलएसआयएल किंवा सीआयएन १ म्हणतात, आणि बहुधा आम्ही तिथे घाई करत नाही.

संसर्ग वर्षानुवर्षं टिकला तर मात्र कधी तरी एक अपघात होतो. व्हायरसचा गोल डीएनए तुटून माणसाच्या गुणसूत्रात घुसतो. तुटताना तो अनेकदा ई२च्या जागी तुटतो. ई२ गेलं, ई६-ई७वरचा दाब गेला, आणि ती दोन्ही भरमसाट तयार होऊ लागली. हा अपघात प्रत्येक वेळी होतोच असं नाही, काही कॅन्सरमध्ये व्हायरसचा डीएनए गोलच राहतो आणि ई६-ई७ इतर कारणांनी वाढतात. पण व्हायरसच्या बाजूने बघाल तर हा तोट्याचाच व्यवहार. गुणसूत्रात अडकलेला तुटका डीएनए नवे व्हायरस बनवू शकत नाही. कॅन्सरमुळे एचपीव्हीचा काडीचाही फायदा होत नाही.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा हेला पेशींवर मिळाला. १९५१ मध्ये बाल्टिमोरमधल्या हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतायत, तुमच्या विभागात कदाचित तुम्ही पाहिल्याही असतील. त्यांच्या गुणसूत्रांत एचपीव्ही १८चा तुकडा आहे आणि ई२ मोडलेलं आहे. संशोधकांनी त्या पेशींत ई२ बाहेरून परत घातलं. ई६-ई७ बंद पडली, पी५३ परत आलं, आरबी परत आलं, आणि इतकी दशकं न थांबलेल्या पेशी काही दिवसांत विभाजन सोडून म्हाताऱ्या झाल्या. म्हणजे एवढ्या वर्षांत या पेशींनी किती का उलथापालथ केलेली असेना, त्यांची भिस्त अजूनही त्या दोन छोट्या प्रथिनांवरच होती.

चामखिळीचा व्हायरसही एचपीव्हीच. गुप्तांगावर कोंब आणणारे ६ आणि ११ हे प्रकार. त्यांचं ई७ आरबीला फारच सैल धरतं आणि त्यांचं ई६ पी५३ मोडत नाही. म्हणून कोंब येतात, कॅन्सर सहसा होत नाही.

आता तुमच्या आत्यांची स्लाइड. ती माझ्यासमोर नाही, पण रिपोर्टातल्या चार शब्दांवरून ती कशी असेल ते सांगता येतं. साध्या गुलाबी-जांभळ्या स्टेनमध्ये आवरणाचा खालपासून वरपर्यंतचा सगळा थर एकसारखाच दिसत असणार : गर्द, मोठ्या केंद्रकांच्या पेशींची दाटी, वर जाताना चपटं होणं नाही, ग्लायकोजेन नाही. विभाजन होत असलेल्या पेशी अगदी वरच्या थरातही सापडतात, जिथे एकही सापडायला नको. त्यातल्या काही तिरपागड्या असतात, गुणसूत्रं दोन टोकांऐवजी तीन टोकांकडे ओढली जाणारी. ई७ पेशीतल्या सेंट्रोसोमची संख्या बिघडवतं, त्याचा हा परिणाम. पी५३ असतं तर अशी पेशी पुढे गेलीच नसती. म्हणजे ई७ आणि ई६ दोघांचीही करणी तुम्हाला एकाच पेशीत दिसते.

त्याच ब्लॉकमधून चार मायक्रॉनचा आणखी एक काप घेऊन त्यावर पी१६ची अँटिबॉडी लावतात. तपकिरी रंग खालच्या थरापासून सलग, गडद, केंद्रकात आणि बाहेरच्या पेशीद्रव्यातही, आणि निदान एक तृतीयांश उंचीपर्यंत चढलेला असेल तरच त्याला ब्लॉक पॉझिटिव्ह म्हणायचं. सीआयएन ३मध्ये तो बहुधा वरपर्यंत जातो. इथे दहा पेशी, तिथे पाच पेशी, मध्ये कोऱ्या, असा ठिपक्याठिपक्यांचा रंग निरोगी आवरणातही येतो. तो पॉझिटिव्ह धरायचा नाही. हा फरक न कळल्यामुळे रिपोर्ट चुकतात. नुसतं ‘पी१६ पॉझिटिव्ह’ लिहिलेला रिपोर्ट माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी आला, तर आधी मी स्लाइडच मागवते. तुमच्या रिपोर्टात ‘ब्लॉक’ हा शब्द लिहिलाय, ही चांगली गोष्ट आहे.

या तपासणीची खरी किंमत कुठे कळते, ते दुसऱ्या एका प्रकारच्या तुकड्यावरून सांगते. समजा, साठीच्या आसपासच्या बाई आहेत, पाळी जाऊन दहाएक वर्षं झालीत. हार्मोन कमी झाल्यामुळे आवरण पातळ पडलेलं असतं. साध्या स्टेनमध्ये तळापासून वरपर्यंत सगळ्या पेशी लहान, गर्द, केंद्रकच केंद्रक. नवख्या डोळ्याला हे हुबेहूब सीआयएन ३ वाटतं, आणि थकलेल्या जुन्या डोळ्यालाही वाटू शकतं. अशा तुकड्यावर पी१६ लावलं तर ठिपक्याठिपक्यांचा येतो किंवा येतच नाही. केआय-६७ हा विभाजनात असलेल्या पेशी दाखवणारा स्टेन लावला, तर एखाद-दुसरं केंद्रक सोडलं तर सगळं कोरं. आरबी शाबूत आहे, कोणी विभाजनही करत नाहीये, म्हणजे हा केवळ वयाचा परिणाम. त्या बाईंचं ऑपरेशन टळतं. उलट आत्यांच्या बाबतीत पी१६ सलग असेल आणि केआय-६७ वरच्या थरांतही भरलेलं असेल, तर दोन्ही उत्तरं एकाच दिशेला जातात.

पण पी१६च्याही मर्यादा आहेत. जिथे साध्या स्टेनवर सरळ सीआयएन १ दिसतंय, तिथे ते लावूच नये. सीआयएन १मधल्या जवळपास एक तृतीयांशापर्यंत तुकड्यांत ते ब्लॉक पॉझिटिव्ह येऊ शकतं, आणि मग विनाकारण मोठं निदान लिहायचा मोह होतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेने जे नियम केले, त्यांचाही रोख हाच : शंका असेल तिथे वापरा, सरसकट नको. दुसरं, आरबी व्हायरसशिवायही जाऊ शकतं. फुप्फुसाच्या लहान पेशींच्या कॅन्सरमध्ये आरबीचं जनुकच नष्ट झालेलं असतं, तिथेही पी१६ गडद येतं आणि एचपीव्हीचा मागमूस नसतो. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या एका आक्रमक कॅन्सरमध्येही पी१६ गडद येतं, व्हायरस नसताना. म्हणून पी१६ला एचपीव्हीची खूण मानायचं ते ठरावीक जागीच.

आपल्या भागात हे सांगणं जास्त गरजेचं आहे, कारण आमच्याकडे गालाच्या आणि हिरड्यांच्या कॅन्सरचे तुकडे फार येतात, आणि अलीकडे नातेवाईक विचारतात, ‘पी१६ करायचं का?’ तंबाखू, गुटखा, मिश्री यांच्यामुळे झालेल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये आरबी-पी५३चा मार्ग वेगळ्या तऱ्हेने, जनुकांतल्या बिघाडांनी मोडलेला असतो, आणि तिथे पी१६वरून उपचार ठरत नाहीत. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये मात्र ते करावं लागतं, आणि तिथला नियम वेगळा : किमान ७० टक्के पेशींत, केंद्रक आणि पेशीद्रव्य दोन्हींत, ठळक रंग हवा.

कधी कधी रंगच फसवतो, त्याचं कारण बाटलीत असतं. लांबून, चंदगडकडून वगैरे, तुकडा येतो तेव्हा तो पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये हवा : दहा टक्क्यांचं बफर केलेलं, तुकड्याच्या आकारमानाच्या निदान दहा पट, आणि तुकडा त्यात कमीत कमी सहा तास, जास्तीत जास्त ७२ तास मुरलेला. सलाइनमध्ये ठेवलेला किंवा वाळलेला तुकडा आला की पेशी आतून सडलेल्या असतात, अँटिबॉडी नीट चिकटत नाही आणि खरं पॉझिटिव्ह असूनही फिकं दिसतं. म्हणून प्रत्येक खेपेला शेजारी माहितीतला पॉझिटिव्ह तुकडा लावतात. तो गडद आणि रुग्णाचा फिका आला तर दोष अँटिबॉडीत किंवा रसायनांत नसतो. मग रुग्णाचा तुकडा खरोखर निगेटिव्ह आहे की नीट मुरलेला नाही, हे स्लाइडवरच ठरवावं लागतं. दोन्ही फिके आले तर ती खेप रद्द.

आता आत्यांसाठी. सीआयएन ३ म्हणजे कॅन्सर नव्हे. आवरणाखालचा पातळ पडदा पेशींनी अजून ओलांडलेला नाही. पण वाट बघण्याची ही अवस्थाही नाही. न्यूझीलंडमध्ये पूर्वी काही स्त्रियांवर सीआयएन ३ असूनही पुरेसे उपचार केले गेले नव्हते. त्यांची माहिती २००८ मध्ये मांडली गेली, तेव्हा ३० वर्षांत सुमारे ३१ टक्के स्त्रियांना कॅन्सर झालेला दिसला. नीट उपचार झालेल्यांत ते प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. म्हणून बहुधा आत्यांना डॉक्टर लीप म्हणजे विजेच्या तारेने तो भाग काढण्याचं किंवा कोनायझेशनचं, म्हणजे शंकूच्या आकाराचा तुकडा काढण्याचं सुचवतील. ते मान्य करण्यासारखंच आहे. तपासायला मोठा तुकडा मिळतो, हा त्याचा आणखी एक फायदा. छोट्या बायोप्सीत शेजारचा खोलवरचा भाग सुटलेला असू शकतो.

‘आता तिला लस देऊन टाकू का’ असंही घरात कोणी तरी विचारेलच. लस व्हायरसच्या कवचातल्या एल१ प्रथिनावर चालते. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅकही तशीच. आत्यांच्या या पेशींत एल१ तयारच होत नाही, तिथे चाललंय ते ई६ आणि ई७चं. त्यामुळे लस हा आजार बरा करणार नाही. घरातल्या नऊ ते चौदा वयाच्या मुलींना मात्र द्या, मुख्यतः त्यांच्यासाठीच ती आहे.

लीपचा रिपोर्ट आला की त्यात तीन गोष्टी शोधा : पेशी पडदा ओलांडून खाली गेल्या आहेत का, कापलेल्या कडांवर सीआयएन ३ उरलंय का, आणि ग्रंथींच्या आत ते शिरलंय का. कडा स्वच्छ असल्या तरी सहा ते बारा महिन्यांनी एचपीव्ही तपासणी करायची, आणि ती निगेटिव्ह आली तरी पुढची अनेक वर्षं ठरलेल्या वेळी परत यायचं. आणि हो, पॅराफिनचा ब्लॉक लॅबमधून मागून घ्या किंवा तो जपून ठेवायला सांगा. पुढे मुंबईला किंवा बेळगावला दुसरं मत घ्यायचं झालं, तर ते रिपोर्टच्या कागदावर देता येत नाही, नवे काप घ्यायला ब्लॉकच लागतो.